साठ्यातल्या कोणत्या वस्तूवर डोळा ठेवायचा? एबीसी आणि रीऑर्डर लेव्हलची पार्श्वभूमी

एबीसी विश्लेषण म्हणजे साठ्यातल्या वस्तूंची महत्त्वानुसार अ, ब, क अशी वर्गवारी. तिचा विषय निघाला की पहिल्या दोन वाक्यांतच पॅरेटोचं नाव येतं. विल्फ्रेडो पॅरेटो हा इटालियन अर्थतज्ज्ञ. 19व्या शतकाच्या अखेरीस तो लोकांच्या उत्पन्नाची वाटणी कशी होते ते तपासत होता. गोदामाशी त्याचा काही संबंध नव्हता. थोड्याच गोष्टींमुळे बहुतेक परिणाम घडतो, या कल्पनेला ‘पॅरेटोचं तत्त्व’ हे नाव रूढ केलं ते गुणवत्ता नियंत्रणातल्या जोसेफ ज्युरान यांनी. हे श्रेय आपण चुकीच्या माणसाला दिलं, अशी कबुली त्यांनीच पुढे 1975 मध्ये लेख लिहून दिली. ती कबुली फारशी कुणी वाचली नसावी, कारण पाठ्यपुस्तकांतून पॅरेटो काही हललेला नाही.

साठ्याच्या संदर्भात अ, ब, क अशी सरळ वर्गवारी मांडली ती एच. फोर्ड डिकी यांनी. ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते आणि त्यांचा लेख 1951 चा. नेम डॉलरवर धरा, पेनीवर नको, हे त्या लेखाच्या शीर्षकातच होतं. संगणक कारखान्यांत पोचण्याआधीचा तो काळ. हजारो वस्तूंची कार्डं हातानं लिहायची, हातानंच बेरजा करायच्या. प्रत्येक वस्तूकडे सारखंच लक्ष द्यायला तेवढे कारकून आणायचे कुठून? ‘कुठे दुर्लक्ष केलं तर चालेल’ या प्रश्नाला डिकींची वर्गवारी हे उत्तर होतं.

रीऑर्डर लेव्हलचा उगम मात्र वेगळा आहे. एका वेळी किती नग बनवावेत याचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्येच छापलं होतं. ‘किती’ला जोडून ‘कधी’ हा प्रश्न नीट मांडला आर. एच. विल्सन यांनी 1934 मध्ये: साठा कोणत्या आकड्याला आला की मागणी पाठवायची? तो आकडा म्हणजेच रीऑर्डर लेव्हल. हिशेब कागदावर यायच्या आधी हेच काम दोन डबे करत असत. पहिल्या डब्यातला माल वापरायचा आणि तो रिकामा झाला की मागणीची चिठ्ठी पाठवायची. नवा माल येईपर्यंत दुसऱ्या डब्यावर भागवायचं. दुसऱ्या डब्यात जितके नग, तितकी रीऑर्डर लेव्हल. स्टोअरकीपरला आकडेमोड करावी लागत नसे, डब्याचा तळ दिसला की पुरे.

एबीसी सांगते लक्ष कुणाकडे द्यायचं आणि रीऑर्डर लेव्हल सांगते हलायचं कधी. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या की घोटाळा कसा होतो, ते एका पंपदुरुस्तीच्या कार्यशाळेच्या उदाहरणात पाहू. वस्तू दहा, वर्षाचा एकूण वापर 10,00,000 चा. चलन कोणतंही धरा. मोटर वर्षाला 120 लागतात, प्रत्येकी 4,000, म्हणजे 4,80,000. शाफ्टचे 2,20,000. या दोन वस्तूंतच 70 टक्के संपले, हा अ वर्ग. इम्पेलर आणि बेअरिंग मिळून 21 टक्के, हा ब. उरलेल्या सहा वस्तू मिळून जेमतेम 9 टक्के, हा क. त्यातलं एक ऑइल सील: वर्षाला 600 नग, प्रत्येकी 8, एकूण 4,800. म्हणजे एकूण वापराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. वर्गवारी नगाच्या किमतीवर होत नाही, वर्षभराच्या वापराच्या मूल्यावर होते. 4,000 ची वस्तू वर्षाला एकदाच लागत असेल तर तीही क वर्गात जाते. नुसता किंमतीचा रकाना उतरत्या क्रमानं लावून त्याला एबीसी म्हणणारे तक्ते मी पुष्कळ पाहिलेत.

आता रीऑर्डरची पातळी काढू. कॉस्टिंगच्या पुस्तकातलं नेहमीचं सूत्र म्हणजे रोजचा जास्तीत जास्त वापर गुणिले माल यायला लागणारे जास्तीत जास्त दिवस. सील रोज सरासरी 2 लागतात, कधी 4. माल एरवी 20 दिवसांत येतो, फार तर 35. म्हणजे पातळी 140. अडकलेले पैसे 1,120, कुणी विचारणारही नाही.

तेच सूत्र मोटरला लावा. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तर रोजचा सरासरी वापर 0.4, एखाद्या दिवशी 1. माल यायला 30 दिवस, वाईटात वाईट 45. पातळी निघते 45 मोटर, म्हणजे 1,80,000. वर्षाला 120 मोटर खपणाऱ्या जागी चार-साडेचार महिन्यांचा माल शिल्लक असतानाच नवी मागणी! सलग 45 दिवस रोज एक मोटर लागेल आणि नेमका तेव्हाच पुरवठादारही सर्वाधिक उशीर करेल, असं हे सूत्र गृहीत धरतं. सीलच्या बाबतीत हा अतिरेक स्वस्तात पडतो, मोटरच्या बाबतीत नाही.

म्हणून अ वर्गात हिशेब वेगळा करतात. 30 दिवसांचा सरासरी वापर 12. रोजच्या वापरातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 0.5 च्या आसपास असेल तर 30 दिवसांसाठी 0.5 गुणिले 30 चं वर्गमूळ, साधारण 2.7. शंभरातल्या पंचाण्णव वेळा माल संपू नये असं वाटत असेल तर त्याला 1.65 नं गुणायचं: 4.5, म्हणजे 5. पातळी 12 अधिक 5, एकूण 17. पण हा आकडा खरा ठरतो तो 30 दिवस 30 च राहिले तर. ते राहावेत म्हणून पुरवठादाराला फोन करायचा, माल निघाला का ते विचारायचं, आठवड्याला नग मोजायचे. अ वर्गावर ‘बारीक लक्ष’ म्हणतात ते प्रत्यक्षात हेच काम. 45 आणि 17 मधला 28 मोटरींचा फरक, म्हणजे 1,12,000, त्या लक्षाच्या बदल्यात सुटतो.

पातळीशी तुलना करताना नुसता रॅकवरचा साठा धरणं ही दुसरी चूक. रॅकवर 15 मोटर आहेत, 30 ची मागणी आधीच गेली आहे आणि 4 मोटर एका कामासाठी राखून ठेवल्यात. तर तुलनेचा आकडा 15 अधिक 30 वजा 4, म्हणजे 41. हे न पाहता 15 बघून पुन्हा मागणी काढली की महिन्याभरानं एकाच आठवड्यात दोन ट्रक दारात उभे राहतात.

आणि सील संपलं तर? 8 च्या वस्तूवाचून 4,000 ची मोटर बसवलेला पंप बाहेर पडत नाही. वस्तू नसली तर काय अडेल, हे वापराच्या मूल्यात कुठेच उमटत नाही. ही उणीव भरायला औषधसाठ्यासारख्या ठिकाणी व्हीईडी ही दुसरी चाळणी आली: जीवनावश्यक, आवश्यक आणि असली तर बरी. स्वस्त पण जीवनावश्यक वस्तूसाठी रोज मोजदाद लागत नाही, पातळी सढळ हातानं वर ठेवली की झालं. सीलचे 140 त्यासाठीच शोभतात.

रीऑर्डर लेव्हलवरचा सर्वांत मोठा आघात 1970 च्या दशकातला. आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकी यांचं म्हणणं असं, की नवे पंप जोडणाऱ्या कारखान्यात मोटर किती लागतील याचा अंदाज मागच्या सरासरीवरून कशाला करायचा? पुढच्या महिन्यात 50 पंप जोडायचे ठरलेत, तर मोटर 50 लागणार. त्यातूनच एमआरपी, म्हणजे उत्पादनाच्या आराखड्यावरून साहित्याची गरज काढायची पद्धत, पसरली आणि अशा कारखान्यांत भारी सुटे भाग त्या पद्धतीनं मागवले जाऊ लागले. दुरुस्तीच्या कार्यशाळेत कोणता पंप कधी येईल ते ठाऊक नसतं, तिथे पातळी टिकून राहिली. जोडणीच्या कारखान्यातही नट, वॉशर, सील यांच्यासाठी ती टिकली, आणि बऱ्याच जागी ती अजून दोन डब्यांच्याच रूपात आहे.