रिकामे कोपरे आले कुठून?

तळ्याचा एक फोटो आहे, ६००० बाय ४००० पिक्सेलचा. पलीकडची पाण्याची रेघ उजवीकडे वर चढलेली दिसते. डाव्या टोकापेक्षा उजवं टोक ३१४ पिक्सेल वर आहे, म्हणजे फोटो ३ अंशांनी कलला आहे. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं ३ अंश फिरवला की रेघ आडवी होते, पण चारही बाजूंना रिकामी जागा उघडी पडते. त्या जागेत कधी पांढरा रंग दिसतो, कधी काळा, तर कधी पारदर्शकपणा दाखवणारी चौकड्यांची नक्षी. कॉम्प्युटरवर पहिल्यांदा फोटो सरळ करणाऱ्याला वाटतं की ही सॉफ्टवेअरचीच खोड आहे. खरं तर हे कोपरे डार्करूममध्येही होते, फक्त तिथं ते दिसायच्या आतच झाकले जायचे.

डार्करूममध्ये एन्लार्जरच्या डोक्यात निगेटिव्ह बसवायची आणि तिची प्रतिमा खाली फळीवर पाडायची. कागद धरून ठेवायला ईझल असायचं, आणि त्याच्या सरकत्या पात्या चौकट ठरवायच्या. क्षितिज तिरकं आलं तर निगेटिव्हला कोणी हात लावत नसे, खालचं ईझलच थोडं फिरवायचं. लाल दिव्याच्या उजेडात पातीची कड आणि पाण्याची रेघ एकमेकींना समांतर झाल्या की काम झालं. मात्र कागद फिरल्यावर त्याचा एखादा कोपरा प्रतिमेच्या बाहेर जायचा. तिथं उजेडच पडत नसल्यामुळे प्रिंटवर पांढरी पाचर उमटायची. म्हणून डोकं किंचित वर उचलायचं, प्रतिमा पात्यांच्या पलीकडे जाईपर्यंत मोठी करायची आणि पुन्हा फोकस करायचा. फिरवणं आणि कापणं असं एकाच हालचालीत होऊन जायचं. त्या काळात ‘क्रॉप’ ही वेगळी पायरी म्हणून कोणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

किंमत तेव्हाही मोजावी लागायचीच. ३५ मिमी निगेटिव्हचं क्षितिज ३ अंश सरळ करायचं तर प्रतिमा साधारण ८ टक्के मोठी करावी लागते. तोच उजेड जास्त जागेवर पसरतो, त्यामुळे १० सेकंदांचं एक्स्पोजर साडेअकराच्या आसपास जातं, आणि ग्रेनही तेवढाच मोठा दिसतो. पण एक सुख होतं. प्रतिमा भिंगातून पडत असल्यामुळे कागद कितीही वेळा फिरवला तरी तिच्या तपशिलाला धक्का लागत नसे.

पिक्सेलच्या जाळीवर आल्यावर हे सुख संपलं. तिरक्या जाळीतला पिक्सेल सरळ जाळीतल्या घरावर नेमका बसत नाही, तो चार घरांच्या मध्येच कुठेतरी पडतो. तेव्हा शेजारच्या पिक्सेलांवरून नवा रंग अंदाजानं काढावा लागतो. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये यासाठी क्युबिक कन्व्होल्यूशनची पद्धत मांडली. आज सॉफ्टवेअरच्या यादीत ‘बायक्युबिक’ दिसतं, त्यामागं तिचाच मोठा हात आहे. दुसरी अडचण मेमरीची होती. पूर्ण चित्र एकदम मेमरीत ठेवून फिरवणं तेव्हाच्या मशीनना जड जायचं. १९८६ मध्ये ॲलन पेथ यांनी फिरवण्याचं काम तीन सरकवण्यांत मोडून दाखवलं: आधी प्रत्येक आडवी ओळ थोडी बाजूला सरकवायची, मग प्रत्येक उभा रकाना, मग पुन्हा ओळी. पत्त्यांची गड्डी तिरकी ढकलावी तसं. एका वेळी एकच ओळ हाताशी असली तरी काम भागायचं. नेटपीबीएम या जुन्या संचातली `pnmrotate` ही आज्ञा याच पद्धतीनं चालते, आणि तिच्या माहितीपानावर पेथ यांच्या लेखाचा उल्लेख आहे.

या आज्ञा फिरवून थांबतात, कापत नाहीत, आणि रिकाम्या कोपऱ्यांची कहाणी इथूनच सुरू होते. प्रोग्रामरच्या दृष्टीनं हे बरोबरच होतं: फिरवा म्हटलं, फिरवलं, काही गमावू नये म्हणून कॅन्व्हास वाढवला, उरलेल्या जागेत रंग भरला. आपला तळ्याचा फोटो फिरवून झाल्यावर ६२०१ बाय ४३०९ होतो. त्यातली रिकामी जागा ‘कोपरा’ या शब्दावरून वाटते तशी चिमुकली नसते. वरच्या आणि खालच्या कडेला प्रत्येकी जवळपास ५९९२ पिक्सेल लांब आणि जाड टोकाला ३१४ पिक्सेल रुंद अशी पाचर असते. डावी-उजवीकडच्या पाचरी ३९९५ लांब आणि २०९ रुंद. म्हणजे कडेची जवळजवळ सगळी लांबीच त्यांनी खाल्लेली असते. कोपऱ्यातलं थोडंसं छाटून भागत नाही ते यामुळेच.

मग किती कापायचं? ६००० बाय ४००० म्हणजे ३:२ हेच प्रमाण ठेवायचं असेल, तर रुंदी आणि उंची दोन्हींना एका आकड्यानं भागायचं (आडव्या फोटोसाठी):

```
cos θ + (रुंदी ÷ उंची) × sin θ
```

θ म्हणजे फिरवायचा कोन. ३ अंशांना हा आकडा १.०७७ येतो, डार्करूममधले ते ८ टक्के हेच. उरतो ५५७० बाय ३७१३, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास १४ टक्के घट. एका अंशाला हीच घट ५ टक्के असते आणि पाच अंशांना २१ टक्के. सूत्रात रुंदी-उंचीचं गुणोत्तर कुठं बसलंय ते बघा. त्याच ३ अंशांना चौरस फोटो साडेनऊ टक्क्यांवर सुटतो, पण तिप्पट रुंदीचा पॅनोरमा एक चतुर्थांश क्षेत्रफळ गमावतो. पॅनोरमा काढणारे ट्रायपॉडवरच्या पाणसळीला एवढं जपतात, त्याचं एक कारण हे आहे.

प्रमाणाचा हट्ट सोडला तर जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत ५८१४ बाय ३७०० असा निघतो आणि घट १० टक्क्यांवर येते. यात उंची जवळपास तीच राहते आणि रुंदी २४४ पिक्सेलनं वाढते. तळ्याच्या डाव्या काठावरची नाव अर्धी कापली जात असेल तर हे २४४ पिक्सेल तिला वाचवतात. बहुतेकजण प्रमाणाचं कुलूप लावलेलंच ठेवतात आणि मग नाव गेली म्हणून हळहळतात.

फोटोशॉप १९९० मध्ये आलं. त्यात नंतर बरीच वर्षं रीत अशी होती: मोजपट्टीचं टूल घ्यायचं, क्षितिजावर रेघ ओढायची, मग मेन्यूतून कॅन्व्हास हव्या त्या अंशात फिरवायचा पर्याय उघडायचा. कोन तिथं आपोआप भरलेला असे. फिरवून झालं की क्रॉपचं टूल वेगळं उचलायचं आणि पाचरी डोळ्यांनी टाळत चौकट आखायची. मी याच रीतीनं एकदा फसलो आहे. पार्श्वभूमीचा रंग पांढरा होता, फोटोतलं आकाश फिकट होतं, आणि चौकट वरच्या उजव्या कोपऱ्यात थोडी बाहेर गेली. पांढऱ्या पानावर काहीच दिसलं नाही. काळ्या माउंटवर लावल्यावर मात्र तीन मिलिमीटरची पांढरी सुरी चमकायला लागली. तेव्हापासून फिरवताना कॅन्व्हासमागं भडक जांभळट गुलाबी रंग ठेवायची सवय लागली. आकाश, पाणी, भिंत यांत तो रंग सहसा नसतो, त्यामुळे पाचरीचं टोक लगेच नजरेत भरतं. इमेजमॅजिक या आज्ञांच्या संचात हे काम दोन ओळींत होतं:

```
magick tale.jpg -background magenta -rotate 3 +repage tapas.png
magick tapas.png -gravity center -crop 5566x3710+0+0 +repage saral.png
```

दुसऱ्या ओळीत ५५७० ऐवजी ५५६६ घेतलं, कारण कडेचे एकदोन पिक्सेल फोटो आणि पार्श्वभूमी यांच्या मिश्रणातून तयार झालेले असतात. गणितानं ते आत येतात, पण त्यांवर गुलाबी झाक उरते. ४०० टक्क्यांवर मोठं करून चारही कोपरे बघितले तर ही झाक ओळखता येते.

फिरवणं आणि कापणं पुन्हा एकत्र यायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. एक, कोन ही करायची कृती न राहता नोंदवायची संख्या झाली. २००५ मध्ये फोटोशॉप सीएस२ बरोबर आलेल्या कॅमेरा रॉच्या आवृत्तीत आणि २००७ च्या लाइटरूममध्ये मूळ फोटोला धक्का लागत नाही. चौकटीच्या चार कडा आणि `crs:CropAngle` या नावाखाली कोन एवढंच लिहून ठेवलं जातं. जुन्या रीतीत आधी ३ अंश फिरवलं आणि मग ‘अर्धा अंश जास्तच झाला’ म्हणून उलटं फिरवलं, तर रंगांचा अंदाज दोनदा बांधला जायचा आणि पानांची बारीक नक्षी दर खेपेला थोडी मऊ पडायची. संख्या नोंदवायची म्हटल्यावर ती वीस वेळा बदला, अंदाज शेवटी एकदाच बांधला जातो. चौकटही फोटोच्या आतच अडकून राहते, त्यामुळे कोन बदलला की ती आपोआप लहान होते.

दुसरी गोष्ट म्हणजे फिरतं काय, याचा निकाल. फोटोशॉपचं जुनं क्रॉप टूल स्थिर फोटोवर चौकट तिरकी करायचं. बघणाऱ्याला मान वाकडी करून कल्पना करावी लागे की हे सरळ झाल्यावर कसं दिसेल. २०१२ च्या सीएस६ मध्ये हे उलटलं. आता चौकट स्थिर राहते आणि तिच्यामागं फोटो फिरतो. गंमत अशी की डार्करूममध्ये ईझल फिरवणारा हात जुन्या टूलसारखाच चालायचा, पण तिथं माणूसच टेबलाच्या कडेनं थोडा सरकून उभा राहायचा आणि त्याला सगळं सरळ दिसायचं.

कोपरे कापायचेच कशाला, हा प्रश्न त्यानंतरचा. २०१३ मध्ये कैमिंग हे, हुइवेन चांग आणि जियान सुन यांनी वेगळी वाट दाखवली: फोटोची चौकट जागच्या जागी ठेवायची, क्षितिज आणि इमारतींच्या रेघा तेवढ्या सरळ करायच्या, आणि मधला ताण झाडं, ढग, गवत यांच्यात मुरवून टाकायचा. झाड दोन अंश वाकलं तर डोळ्याला कळत नाही, खिडकी वाकली तर लगेच कळतं, या भरवशावर ती पद्धत उभी आहे. २०१६ मध्ये फोटोशॉपच्या क्रॉप टूलला रिकाम्या पाचरी शेजारच्या चित्रावरून भरायची सोय मिळाली.

आकाश आणि पाणी ती छान भरते. तळ्याच्या फोटोत वरची पाचर बेमालूम भरली गेली. खालच्या पाचरीशेजारी मात्र लव्हाळ्याचा एक झुपका होता, तोच शंभरेक पिक्सेलवर पाचरीत पुन्हा उगवला, त्याच मोडक्या पात्यासकट. खालून कापलं, वरचं भरलेलं ठेवलं, आणि नाव पूर्ण राहिली.