स्नॅच, जर्क आणि कोपराचा निकाल

३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, वेटलिफ्टिंगमधला पुरुषांचा ५५ किलो वजनगट. सांगलीच्या संकेत सरगरने स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले, मलेशियाच्या अनिक कासदानने १०७. म्हणजे अर्धी स्पर्धा संपली तेव्हा संकेत सहा किलोंनी पुढे होता. मग क्लीन अँड जर्क झाला. तिथे संकेतचे १३५ किलो लागले, अनिकचे १४२. बेरीज २४८ विरुद्ध २४९. सहा किलोंची आघाडी सात किलोंनी खाल्ली आणि सुवर्ण एका किलोने हुकलं.

मुळात तोच माणूस एका प्रकारात ११३ आणि दुसऱ्यात १३५ किलो कसा उचलतो? लोकलमध्ये जड बॅग रॅकवर ठेवणारा प्रवासी आठवा. बॅग हलकी असेल तर तो ती एका झोक्यात वर टाकतो. जड असेल तर आधी छातीशी घेतो, दम खातो, मग वर ढकलतो. पहिला प्रकार म्हणजे स्नॅच, दुसरा क्लीन अँड जर्क. वजनाचा अंदाज हवा असेल तर घरी येणारा भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो. ११३ किलो म्हणजे जवळपास चार सिलिंडर, तेही एका दमात डोक्यावर.

दोन्हींत बार जमिनीवरून उचलायचा असतो, पण तो किती उंच उडवायचा यात खरा फरक आहे. क्लीनमध्ये बार खांद्यावर झेलायचा असतो. त्यामुळे तो साधारण पोटाच्या उंचीपर्यंत आला की खेळाडू झपकन खाली बसतो आणि बार खांद्यावर घेतो. स्नॅचमध्ये तो थेट हात सरळ ठेवून डोक्यावर झेलायचा असल्याने छातीच्या आसपास पोहोचवावाच लागतो. जास्त उंची म्हणजे जास्त वेग, आणि तेवढा वेग कमी वजनालाच देता येतो. म्हणून चांगल्या खेळाडूचा स्नॅच त्याच्या क्लीन अँड जर्कच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो. संकेतचं प्रमाण ८४ टक्क्यांच्या जवळ जातं. याचा अर्थ त्याचा स्नॅच पक्का होता आणि त्या दिवशीचा जर्क मागे राहिला.

स्नॅचची पकड इतकी रुंद का, तेही यातूनच कळतं. हात जितके फाकवाल तितका डोक्यावरचा बार जमिनीच्या जवळ राहतो, म्हणजे तो कमी उडवावा लागतो. पकड बरोबर आहे का हे तपासायला बार धरून सरळ उभं राहायचं. स्नॅचमध्ये तो जांघेच्या घडीत बसला पाहिजे, क्लीनमध्ये मांडीच्या वरच्या भागावर. अंगठा बारला लपेटून त्यावर बोटं आवळायची, नाहीतर खेच लागताच बार निसटतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे हात लवकर वाकवणं. कंबर आणि गुडघे पूर्ण सरळ होईपर्यंत हात दोरीसारखे ताणलेले राहायला हवेत. कोपर आधी वाकलं की पायांचा जोर त्या सैल दोरीतच जिरतो. दुसरी चूक म्हणजे बारला जांघेने धक्का मारून पुढे फेकणं. बार अंगापासून दूर जातो, खेळाडू त्याच्यामागे उडी मारतो आणि वजन समोर पडतं. क्लीनमध्ये असा बार खांद्यांनी थोडाफार सावरता येतो. स्नॅचमध्ये ताठ हातांवर काही सेंटिमीटरची चूकही झेपत नाही.

क्लीन झाल्यावर खांद्यावर वजन घेऊन पूर्ण बैठकीतून उठायचं, स्थिर व्हायचं आणि मग जर्क. गुडघे थोडेसेच वाकवून सरळ खाली जायचं आणि तिथूनच उसळी घ्यायची. छाती इथे जरा पुढे झुकली की बार पुढे जातो आणि जर्क हातचा जातो. उसळीनंतर बहुतेक जण एक पाय पुढे, एक मागे टाकून बारखाली शिरतात. सावरताना आधी पुढचा पाय मागे घ्यायचा, मग मागचा पुढे आणायचा. उलट केलं तर बारही पुढे ओढला जातो.

मुंबईतल्या साध्या जिममध्ये हे शिकणं अवघड आहे ते वेगळ्याच कारणाने. स्पर्धेतल्या मोठ्या चकतीचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. लोखंडी छोट्या चकत्यांवर तो आणखी खाली जातो, पाठ गोल होते आणि सुरुवातच बिघडते. बारची टोकं फिरत नसतील तर मनगट पिळवटतं. आणि खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल, तर बार टाकायची सोयच नाही.

आता निकाल. तीन पंच असतात आणि दोघांचा पांढरा दिवा लागला की उचल वैध. अट अशी की हात पूर्ण ताठ, पाय एका रेषेत आणि शरीर स्थिर हवं. पंचांच्या खुणेआधी बार खाली आणला तर उचल बाद. खूण झाल्यावरही तो खांद्यांच्या खाली येईपर्यंत हातातून सोडायचा नाही.

सर्वाधिक वाद होतात ते कोपरावरून. बार वर पोहोचताना हात एका झटक्यात सरळ झाला पाहिजे. कोपर वाकलेलं राहिलं आणि मग दाबून सरळ केलं, किंवा सरळ झालेलं पुन्हा वाकलं, तर लाल दिवा. पूर्वी दाबून वर ढकलण्याचा, म्हणजे प्रेसचा, तिसरा प्रकारच होता. खेळाडू मागे इतके वाकू लागले की पंचांना ताळमेळ राखता येईना, आणि १९७२च्या ऑलिंपिकनंतर तो बंद झाला. प्रेस गेला, पण ‘दाबून उचलू नका’ हा नियम उरला. कोणाचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नसेल, तर त्याने ते आधीच पंचांना दाखवायचं असतं.

क्लीन अँड जर्कमध्ये आणखी दोन सापळे आहेत. खाली बसताना कोपर किंवा दंड मांडीला वा गुडघ्याला टेकला की उचल बाद. प्रेक्षकाला हे दिसतसुद्धा नाही, बाजूच्या पंचाला नेमकं दिसतं. दुसरा सापळा जर्कआधीचा. खांद्यावरचा बार नीट बसवायला, पकड बदलायला परवानगी आहे. मात्र जर्कसाठी गुडघे वाकवून मध्येच थांबलात, तर वजन खांद्यावर असूनही तो प्रयत्न संपला.

संकेतकडे परत येऊ. १३५ किलो म्हणजे २० किलोंचा बार, चकत्या जागेवर धरणारे अडीच-अडीच किलोंचे दोन कॉलर आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५५ किलो, म्हणजे दोन लाल चकत्या आणि एक पांढरी. हा पहिला प्रयत्न वैध ठरला. पुढे त्याने १३९ मागितले. त्यात उजव्या कोपराला दुखापत झाली, उचल बाद. तरीही तो १३९ साठीच पुन्हा आला आणि तो प्रयत्नही वाया गेला. हिशेब पाहिला तर १३७ सुद्धा पुरले असते, कारण ११३ आणि १३७ मिळून २५०. पण स्पर्धेत बारवरचं वजन वाढतच जातं, उतरत नाही. १३९ एकदा चुकल्यावर दोन किलो कमी करून मागण्याचा मार्गच नव्हता. शिवाय संकेतचे १३७ लागले असते, तर अनिकनेही १४२ वर समाधान मानलं नसतं. बेरीज सारखी झाली तर ती आधी गाठणारा पुढे राहतो, म्हणून त्याला १४४ मागावे लागले असते.