ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी खात्यातून पैसे कसे गेले?
ज्येष्ठ खातेदारांच्या माहिती सत्रातल्या स्लाइड्स, घरी नेऊन वाचण्यासाठी

स्लाइड 1 : आज एकाच फसवणुकीबद्दल बोलू

"ओटीपी कुणाला सांगू नका" हे आम्ही तुम्हाला कित्येक वर्षं सांगत आलो आणि तुम्ही ते पाळलंतही. अडचण अशी, की आता चोर ओटीपी विचारतच नाही. तो तुमच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालतो आणि ओटीपीचा मेसेज तुमच्याआधी तोच वाचतो. म्हणून आजचं सगळं सत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एका फाईलबद्दल आहे. ही फाईल लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, पीएम किसानची यादी, वीजबिल अशा कुठल्याही नावाने येते. आपण तिचं हयातीच्या दाखल्याचं रूप घेऊ, कारण नोव्हेंबरमध्ये पेन्शनरांच्या मनात तोच विषय असतो आणि चोरालाही ते ठाऊक असतं. आपल्या भागात त्याच सुमारास दिवाळी झालेली असते, सोयाबीन विकलेलं असतं आणि खात्यात चार पैसे आलेले असतात.

स्लाइड 2 : एक उदाहरण, शनिवारपासून सोमवारपर्यंत

समजा, सेलूचे एक निवृत्त गुरुजी आहेत. बचत खात्यात 1,84,000 रुपये, शिवाय 3,00,000 रुपयांची मुदत ठेव. मुलगा पुण्याला, घरी दोघंच.

महिन्याचा दुसरा शनिवार, बँक बंद. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोन येतो. फोटोच्या जागी बँकेचं चिन्ह. "नमस्कार गुरुजी, पेन्शन विभागातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला पेंडिंग दिसतोय. आज भरला नाही तर पेन्शन बंद होईल. तुम्हाला यायची गरज नाही, फॉर्म पाठवतो, घरबसल्या भरा." बोलणं अदबीचं. निवृत्तीचं वर्ष तोच सांगतो, पीपीओ नंबरही त्याच्याकडे असतो. आपली इतकी माहिती आहे म्हणजे माणूस पेन्शन विभागातलाच, असं गुरुजींना वाटतं.

मग फाईल येते. गुरुजी ती दाबतात, तर फोन इशारा देतो की हे अ‍ॅप धोक्याचं असू शकतं. समोरचा म्हणतो, "ते सगळ्यांनाच येतं, खाली `Install anyway` आहे ते दाबा." अ‍ॅप उघडल्यावर मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. गुरुजी `Allow` दाबतात. पुढे हुबेहूब सरकारी वाटावा असा फॉर्म येतो. त्यात नाव, जन्मतारीख, पीपीओ नंबर, एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत भरायची असते. शेवटी "नोंदणी शुल्क 5 रुपये" म्हणून यूपीआय पिन. गुरुजी सगळं भरतात. फॉर्म "जमा झाला" असं दाखवतो आणि फोन ठेवला जातो. या अर्ध्या तासात गुरुजींनी ओटीपी कुणालाही सांगितलेला नसतो.

त्या दिवशी फक्त 5,000 रुपये जातात. रविवारी दुपारी 50,000 आणि पुन्हा 50,000. रविवारीच मोबाइल बँकिंगमधून मुदत ठेव मोडून ती रक्कम बचत खात्यात घेतली जाते. सोमवारी बँक उघडायच्या आधी आणखी 1,00,000 जातात. गुरुजींना एकही मेसेज दिसत नाही. साडेदहाला ते पासबुक भरायला येतात तेव्हा सगळं उघड होतं. 2,05,000 गेलेले असतात. ठेव मोडून आलेले आणि बचतीतले उरलेले असे पावणेतीन लाखांच्या वर अजून खात्यात असतात, आणि ते दुपारपर्यंत गेले असते.

स्लाइड 3 : हे झालं कसं?

यूपीआय एखाद्या नव्या फोनवर चालू करायचं, तर खात्याला जोडलेल्या सिमकार्डावरून एक मेसेज बँकेकडे जावा लागतो. ते कुलूप मजबूत आहे. पण मेसेज पाठवायची परवानगी मिळालेलं अ‍ॅप तो मेसेज तुमच्या नकळत पाठवू शकतं. यूपीआय पिन नव्याने ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि एक ओटीपी लागतो. आता स्लाइड 2 मधला फॉर्म पुन्हा वाचा. त्यात नेमकं हेच विचारलं होतं. ओटीपी तेवढा विचारला नाही, कारण तो मेसेजमधून आपोआप मिळणार होता.

शनिवारी 5,000 च का? नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या 24 तासांत 5,000 रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत. ही मर्यादा तुमच्यासाठीच ठेवलेली आहे. चोर ती संपायची वाट बघतो, म्हणूनच त्याला सुट्टीचा दिवस सोयीचा पडतो. याचा अर्थ असा, की फाईल उघडल्याची शंका त्याच दिवशी आली आणि त्याच दिवशी कळवलं, तर मोठी रक्कम बहुधा अजून खात्यातच असते. लाजेपायी किंवा मुलं रागावतील या भीतीने माणसं एक रात्र गप्प बसतात आणि हीच रात्र महागात पडते. आमच्या मते या सत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही आहे.

स्लाइड 4 : फाईल ओळखायची कशी?

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाईलच्या नावाखाली बारीक अक्षरात तिचा आकार आणि प्रकार लिहिलेला असतो. तिथे `PDF` असेल तर तो कागद. तिथे `APK` असेल तर ते अ‍ॅप, मग नाव काहीही असो. `Jeevan Pramaan.apk` असेल किंवा `Lagna Patrika.pdf.apk` असेल, शेवटची तीन अक्षरं बघा. इंग्रजी वाचायची सवय नसेल तर ही तीन अक्षरं चित्रासारखी लक्षात ठेवा. सत्रात आम्ही ती मोठी करून दाखवणार आहोत.

अक्षरं निसटली तरी एक खूण उरतेच. पत्रिका किंवा पावती दाबली की सरळ उघडते. ती "इन्स्टॉल करू का" असं विचारत नाही आणि तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागत नाही. घरात लग्नाचं बोलावणं देणाऱ्याने तिजोरीची किल्ली मागावी, तसंच हे आहे. अशी विचारणा दिसली की तिथेच मागे या.

फाईल भाच्याच्या किंवा भजनी मंडळातल्या माणसाच्या नंबरवरून आली, म्हणून ती खरी ठरत नाही. ज्याच्या फोनमध्ये हे अ‍ॅप शिरलं आहे, त्याच्या नावाने ते पुढच्या गटांत पाठवलं जाऊ शकतं. त्या माणसाला साधा फोन लावा आणि विचारा. त्यालाही बिचाऱ्याला तेव्हाच कळेल.

स्लाइड 5 : हयातीच्या दाखल्याची खरी रीत

भीती ज्या वाक्याने घातली जाते ते आधी बघू. "आज भरला नाही तर पेन्शन बंद." दाखला वेळेत दिला नाही तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला दिल्यावर ती पुन्हा सुरू होते आणि थकलेली रक्कमही मिळते. त्यामुळे शनिवारी सकाळी घाईने करावं असं त्यात काहीच नसतं. सोमवारी शाखेत या.

घरबसल्या जीवन प्रमाण करायचं असेल तर तेही करता येतं. त्यासाठी प्ले स्टोअरवरून `Jeevan Pramaan` आणि `AadhaarFaceRD` ही दोन अ‍ॅप्स घ्यावी लागतात, मग चेहरा दाखवून दाखला तयार होतो. त्यात एटीएम कार्डाचा नंबर लागत नाही आणि यूपीआय पिन तर कुठेच लागत नाही. चालणं होत नसेल तर पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देतो, त्याचं शुल्क 70 रुपये आहे.

स्लाइड 6 : फाईल उघडली गेली तर

आधी फोन विमान मोडवर टाका. ते जमलं नाही तर फोन बंद करा. असं केलं की अ‍ॅपला मेसेज पुढे पाठवता येत नाही.

नंतरचे सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा, शेजाऱ्याचा असला तरी चालेल. पहिला फोन बँकेच्या 24 तास चालणाऱ्या नंबरवर करा. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो. हा नंबर इंटरनेटवर शोधू नका, कारण तिथे खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. "माझं यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि कार्ड तिन्ही बंद करा" असं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, तुम्ही कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांचं नुकसान बँकेवर येतं. कळवण्याआधी स्वतः माहिती दिल्यामुळे गेलेले पैसे मात्र खातेदाराच्याच माथी येतात. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ दोन्ही लिहून ठेवा.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक विचारतात. हा क्रमांक तुमच्याकडे नसेल तर आम्ही काढून देतो. ही नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे जेवढी रक्कम उरली असेल ती अडवली जाते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतो आणि एटीएममधून काढतो. त्यामुळे सगळे पैसे परत मिळतील असं वचन कुणीच देऊ शकत नाही. वरच्या उदाहरणात सोमवारी सकाळी गेलेले एक लाख सापडण्याची आशा शनिवारच्या पाच हजारांपेक्षा बरीच जास्त आहे. फोननंतर `cybercrime.gov.in` वर लेखी तक्रारही करावी लागते. त्यासाठी शाखेत या, काउंटरवर बसवून भरून देऊ.

काही दिवसांनी "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फी भरा" असा फोन आला, तर तोही फसवणुकीचाच समजा.

स्लाइड 7 : फोनचं काय करायचं?

अ‍ॅप दिसत नाही म्हणजे गेलं, असं समजू नका. असली अ‍ॅप्स आपलं चिन्ह लपवतात. फोनमधले फोटो आणि नंबर बाजूला काढून घ्या आणि फोन पूर्ण पुसून घ्या. सेटिंगमध्ये याला `Factory reset` म्हणतात. त्यानंतर पासवर्ड आणि पिन बदला. जुन्याच फोनवर आधी पिन बदलला तर नवा पिनही चोराच्या हाती लागतो.

ज्यांच्या फोनवर अजून काही झालेलं नाही, त्यांनी सत्र संपल्यावर फोन घेऊन काउंटरवर थांबावं. सेटिंगमधल्या `Install unknown apps` मध्ये व्हॉट्सअ‍ॅपला दिलेली परवानगी आम्ही तुमच्यासमोर बंद करून देऊ. दोन मिनिटांचं काम आहे. फोन तुमच्याच हातात राहील, कुठे बोट लावायचं तेवढं आम्ही दाखवू.