ट्रंकेचा तळ: एका छोट्या कथेची पार्श्वभूमी

कथा अगदी छोटी आहे. एक बाई मुलीसाठी पत्र्याची ट्रंक भरतीये, मुलगी पहिल्यांदाच घर सोडून लांब चाललीये आणि हे सगळं सांगतीये ती त्या मुलीची मुलगी, म्हणून कथेत "आजी" आलीये, पण ट्रंक भरली त्या दिवशी ती कोणाचीच आजी नव्हती, फक्त आई होती. ती सगळ्यात आधी तळाशी एक पाकीट ठेवते आणि मग त्यावर बाकीचं सगळं रचते. कथा त्या पाकिटावर उभी आहे, म्हणून मला ट्रंकच हवी होती. आताची सुटकेस पुस्तकासारखी दोन भागांत उघडते, तिला खरा तळच नसतो. ट्रंक फक्त वरून उघडते, तळाला हात लावायचा तर वरचं सगळं बाहेर काढावं लागतं.

ट्रंक या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ झाडाचं खोड, कारण जुन्या पेट्या लाकडाचा ओंडका कोरून करायचे. पुढे फळ्यांच्या, चामडं मढवलेल्या पेट्या आल्या आणि बऱ्याच पेट्यांचं झाकण फुगीर असायचं, पाऊस ओघळून जावा म्हणून. त्रास असा की त्यावर दुसरी पेटी बसत नाही. आगगाड्या आणि आगबोटी वाढल्या तशी सामानाची थप्पी लावायची गरज पडली आणि 1858 मध्ये पॅरिसमध्ये लुई व्हिताँने सपाट झाकणाची ट्रंक काढली. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे हा माणूस मूळचा लोकांचं सामान पेट्यांत नीट भरून देणारा कारागीर, म्हणजे आजी करते तेच काम, आणि झाकणाचं नेमकं काय चुकतंय ते भरणाऱ्यालाच आधी कळणार ना!

पत्रा आला तो त्याच काळात. लोखंडावर जस्ताचा थर द्यायच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये 1837 मध्ये सोरेलने घेतलं आणि 1856 मध्ये बेसेमरने पोलाद स्वस्तात करायची रीत काढली, मग हळूहळू पोलादी पत्रा साध्या घरालाही परवडायला लागला. इथे एक घोळ होतो, स्टीलची ट्रंक म्हटलं की स्वयंपाकघरातलं चकचकीत स्टील डोळ्यासमोर येतं, पण ते स्टेनलेस, ते विसाव्या शतकातलं. ट्रंकेचं स्टील साधं असतं, रंग दिलेलं किंवा जस्त चढवलेलं, आणि ते गंजतं. जस्तावर ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि पत्रा काही काळ वाचतो, नुसत्या रंगाच्या ट्रंकेत मात्र ओरखड्यापासूनच गंज सुरू होतो. आधी बघायच्या जागा म्हणजे कोपरे, बिजागरी आणि रिव्हेटच्या कडा.

दुसरी अडचण घामाची. रात्री पत्रा पटकन गार होतो आणि आतल्या हवेतली वाफ झाकणाच्या आतून थेंब होऊन बसते, मग कपड्याच्या घडीवर तपकिरी डाग, जो साबणाने जात नाही, काहीतरी आंबटच लावावं लागतं. म्हणून कथेत आजी तळाला आणि बाजूंना कागद लावते, कपडे पुन्हा एकदा उन्हात टाकते आणि सगळ्यात वर एक जुनी चादर पसरते. वाचताना ही माया वाटते, आणि ती आहेच, पण ती चादर थेंब झेलायलाही आहे.

डांबरगोळ्यांचंही तसंच. नाव बरोबर आहे, नॅप्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातून निघालं. गोळी न वितळता थेट हवेत उडत जाते आणि तिची वाफ हवेपेक्षा जड, खाली उतरते, म्हणून गोळ्या पुरचुंडीत बांधून वरच्या थरात ठेवायच्या. तळाशी टाकल्या तर वरच्या लोकरीच्या कपड्यांना कसर लागू शकते आणि वास मात्र सगळीकडे.

आता क्रम. लांबच्या बोटीच्या प्रवासात मोठ्या सामानावर लेबलं लागायची, प्रवासात लागणारं आणि न लागणारं. न लागणारं खाली गोदामात जायचं आणि मुक्कामाला पोचेपर्यंत हाताला लागायचं नाही. खोलीत न्यायच्या ट्रंका मुद्दाम बुटक्या करायचे, झोपायच्या फळीखाली सरकाव्यात म्हणून. त्यामुळे भरणाऱ्याला आधी ठरवावं लागायचं की काय कधी लागेल, आणि जे सगळ्यात शेवटी लागणार ते सगळ्यात आधी आत.

कथेतल्या आजीने हाच हिशोब केलाय. टॉवेल, कंगवा, पहिल्या रात्रीचे कपडे वर, पोचल्यावर ओळखीच्या माणसाला द्यायची चिठ्ठी त्याखाली, रोजचे कपडे मध्ये, गार हवेचे सगळ्यात खाली. पाकीट त्याच्याही खाली, कागदाच्या आत. मुलीने पहिल्या आठवड्यात ते शोधू नये असं तिला वाटतं. हवा बदलेल, लोकरीचे कपडे काढायची वेळ येईल, तोवर ती तिथे राहायला शिकलेली असेल, आणि तेव्हा तळाचा कागद हाताला जाड लागेल.