कोपऱ्याजवळचा बिंदू आणि क्षयरोगाची चाळणी

"आरओसी आलेखाचा स्क्रीनशॉट आहे. डाव्या वरच्या कोपऱ्याला सर्वांत जवळचा बिंदू हाच योग्य थ्रेशोल्ड ना?"

नाही. आलेखावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक थ्रेशोल्ड, म्हणजे मॉडेलच्या कोणत्या स्कोअरपासून माणूस आजारी धरायचा ती सीमा. कोपऱ्यापासूनचं अंतर मोजताना सुटलेला रुग्ण आणि खोटी धोक्याची सूचना यांना एकाच मापाने तोललं जातं, आणि किती जण खरोखर आजारी आहेत हे आलेखात कुठेच दिसत नाही.

छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोग शोधणारं मॉडेल घ्या. समजा, तपासलेल्या 10,000 जणांत 100 रुग्ण आहेत. आडव्या अक्षावर, म्हणजे उगाच आजारी ठरलेल्या निरोगींच्या प्रमाणात, 0.08 आणि उभ्यावर, म्हणजे सापडलेल्या रुग्णांच्या प्रमाणात, 0.80 असलेला बिंदू कोपऱ्याला जवळचा. तिथे 20 रुग्ण सुटतात आणि 792 निरोगी माणसं उगाच पुढच्या थुंकी तपासणीला जातात. थोडं उजवीकडे, 0.20 आणि 0.90 वर, 10 रुग्ण सुटतात, पण उगाच जाणारे 1,980 होतात.

म्हणजे जास्तीचा एक रुग्ण सापडायला सुमारे 120 जास्तीच्या थुंकी तपासण्या. प्रयोगशाळेला हा भार पेलत असेल, तर मी दुसराच बिंदू घेईन, कारण सुटलेला रुग्ण घरादारात संसर्ग पसरवत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2014 मध्ये अशा चाळणी चाचणीसाठी किमान 90 टक्के रुग्ण पकडले जावेत, असा निकष ठेवला होता. पहिला बिंदू त्यात बसतच नाही.

स्क्रीनशॉटवर थ्रेशोल्डचा आकडा सहसा नसतो. तो मूळ स्कोअरमधूनच काढावा लागतो:

```
from sklearn.metrics import roc_curve
fpr, tpr, thr = roc_curve(y, score)
```