दिवाळी रिचार्ज ऑफर: किती दिवस, किती डेटा आणि संपल्यावर काय

नौपाड्यातल्या आणि पाचपाखाडीतल्या आमच्या ग्राहकांसाठी यंदाची ऑफर साधी आहे. रोज 1.5 जीबी किंवा जास्त डेटा असलेला 84 दिवसांचा रिचार्ज आमच्याकडे केलात, तर 6 जीबीचा एक डेटा पॅक आमच्या खर्चाने. पॅकची मुदत 7 दिवस. ती मोजायला सुरुवात होते पॅक टाकल्या क्षणापासून, तुम्ही तो वापरायला लागल्यापासून नाही. म्हणून रिचार्जबरोबर लगेच टाकून घ्यायची घाई करू नका. गावी निघायच्या सकाळी फोन करा, तेव्हा टाकू. तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही चालेल.

हा पॅक फक्त डेटाचा आहे. त्याने नंबरची मुदत वाढत नाही, आणि मूळ प्लॅन संपलेला असेल तर पॅक असूनही नेट चालणार नाही. सहसा आधी रोजचा कोटा वापरला जातो आणि तो संपला की पॅकला हात लागतो.

आता मुदतीचा हिशोब. दिवाळीला रिचार्ज करताना बहुतेक जण ‘महिन्याचा’ म्हणतात, पण प्लॅन असतो 28 दिवसांचा. समजा 8 नोव्हेंबरला रिचार्ज केला. तो दिवस पहिला धरला तर शेवटचा दिवस 5 डिसेंबर, 8 डिसेंबर नव्हे. असे वर्षात तेरा रिचार्ज होतात, बारा नाही. 84 दिवसांचा म्हणजे 28 चे तीन, तीन महिने नव्हेत. 8 नोव्हेंबरला केलेला 30 जानेवारीला संपेल. नेमकी तारीख कंपनीच्या मेसेजमध्ये येते, तीच खरी. तो मेसेज पुसू नका. दर महिन्याच्या एकाच तारखेला रिचार्ज करायची सवय असेल तर तसं सांगा. ट्रायच्या 2022 च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला करता येणारा असे किमान एकेक प्लॅन ठेवावे लागतात. ते फलकावर ठळक दिसत नाहीत, पण मागितले की मिळतात.

सगळ्यात जास्त तक्रारी ‘अनलिमिटेड’ शब्दावरून येतात, म्हणून तिथे जरा थांबू. रोजचा 1.5 जीबी संपला की नेट बंद पडत नाही, वेग मात्र 64 केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला 8 केबी. फराळाच्या ताटाचा 4 एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटांच्या वर लागतील. साधा मजकुराचा मेसेज जाईल, व्हिडिओ कॉल अडकेल. रात्री 12 वाजता नवा कोटा सुरू होतो आणि उरलेला डेटा, काही ठराविक प्लॅन सोडले तर, पुढे जात नाही.

अनलिमिटेड 5जी ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी प्लॅन पात्र हवा, हँडसेट 5जी हवा आणि तुम्ही बसलात तिथे 5जी सिग्नलही हवा. गेल्या दिवाळीत एक काका कळवळून आले, “अनलिमिटेड घेतलाय ना, मग अकरालाच 2 जीबी संपल्याचा मेसेज कसा?” त्यांचं घर तळमजल्यावर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावून टीव्ही चालू. आम्ही त्यांना फोनचा वरचा कोपरा बघायला सांगितलं. खिडकीपाशी 5जी, आतल्या खोलीत 4जी. 4जीवर वापरलेला प्रत्येक एमबी रोजच्या 2 जीबीतून जातो आणि टीव्हीवर एचडी चित्र तासाला 3 जीबीपर्यंत खाऊ शकतं. त्यांनी मोबाइल खिडकीत ठेवला, टीव्हीची क्वालिटी एक पायरी कमी केली. परत तक्रार आली नाही. तुमच्याकडेही असं झालं तर कोपऱ्यातलं चिन्ह आधी बघा. आणि हे लक्षात असू द्या की 5जीलाही काही कंपन्या महिन्याची कमाल मर्यादा ठेवतात आणि हा वापर घरगुती धरलेला असतो. हॉटस्पॉटवर दुकान किंवा क्लास चालवायचा असेल तर ब्रॉडबँड घ्या, आम्ही हा प्लॅन तुम्हाला देणार नाही.

चुकीच्या नंबरवर गेलेला रिचार्ज सहसा परत येत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी नंबर, रक्कम आणि दिवस आम्ही स्क्रीनवर तुम्हाला दाखवतो. गर्दी असली तरी ते वाचून ‘हो’ म्हणा. पैसे कापले आणि मेसेज आला नाही तर दुसऱ्यांदा रिचार्ज करू नका, आमची पावती घेऊन या, आम्ही कंपनीकडे लावून धरतो. थेट तक्रार करायची तर तुमच्याच सिमवरून 198 लावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

लक्ष्मीपूजनाला दुकान दुपारी 2 पर्यंत, पाडव्याला बंद, भाऊबीजेला नेहमीप्रमाणे.