आग किंवा पुराने फ्लॅट राहण्यालायक उरला नाही तर घरभाड्याचा क्लेम कसा करायचा (गोव्यातल्या फ्लॅटधारकांसाठी)

घराच्या विम्यात भिंती, स्लॅब, वायरिंगचं नुकसान भरून मिळतं एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण दुरुस्ती होईपर्यंत आपण राहायचं कुठे आणि त्या दुसऱ्या घराचं भाडं कोण देणार, याचं उत्तरही त्याच पॉलिसीत असतं हे फार लोकांना ठाऊक नसतं, आणि ज्यांना ठाऊक असतं त्यांचाही क्लेम अर्धवट पास होतो कारण एक कागद वेळेवर घेतलेला नसतो. म्हणून तेवढंच नीट सांगतोय.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे घरासाठी "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी आहे, कंपनी वेगळी असली तरी मूळ मजकूर तोच. त्यात बिल्डिंग कव्हरच्या आत "लॉस ऑफ रेंट आणि रेंट फॉर अल्टरनेटिव्ह अकोमोडेशन" असा भाग आहे. स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुरुस्तीच्या काळात भाड्याने घेतलेल्या घराचं भाडं मिळतं. फ्लॅट भाड्याने दिला असेल आणि नुकसानीमुळे भाडेकरूला बाहेर पडावं लागलं तर तुमचं बुडालेलं भाडं मिळतं. तुम्ही स्वतः भाडेकरू असाल आणि बिल्डिंग कव्हर तुमच्या नावाने असेल तर नव्या घराचं जादा भाडं, म्हणजे फक्त फरक मिळतो. मी खाली मुख्यतः पहिल्याच प्रकाराबद्दल लिहितोय.

पात्रतेच्या तीन गोष्टी बघा. पहिली, नुकसान पॉलिसीत दिलेल्या कारणानेच झालेलं हवं: आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, झाड किंवा वाहन येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाईप फुटणं वगैरे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात गोव्यात झाडं घरांवर पडली, तसली घटना यात येते. पण वर्षानुवर्षं गळणारी टेरेस, ओलीने फुगलेलं प्लास्टर, गंजून सोललेली सळई हे झिजणं आहे, ते येत नाही. पावसाळ्यात स्लॅबचा तुकडा खाली आला की बरेचजण पूर-वादळ लिहून क्लेम टाकतात आणि नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला सर्वेअर गंज बघून नाही म्हणतो.

दुसरी, घराच्या नुकसानीचा मूळ क्लेम मंजूर व्हायलाच हवा. भाड्याचा क्लेम त्याच्यावरच उभा असतो, एकटा चालत नाही. म्हणून भाड्याची घाई करण्याआधी बिल्डिंगचा क्लेम पक्का करा. आणि बिल्डिंग कव्हरच नसेल, म्हणजे पॉलिसी फक्त घरातल्या सामानाची असेल, तर हा विषय तिथेच संपला. होमलोन घेताना बँकेतून काढलेल्या पॉलिसीत नेमकं काय आहे हे शेड्यूल, म्हणजे कव्हर आणि रकमा लिहिलेलं पॉलिसीचं पान, उघडून बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.

तिसरी, फ्लॅट खरंच राहण्यालायक उरलेला नाही हे सिद्ध करणारा दाखला हवा, तो आर्किटेक्टचा किंवा स्थानिक संस्थेचा. हाच तो कागद ज्याच्यावर अख्खा क्लेम अडतो.

दाखला लवकर घ्या, कारण पैसे मोजायला सुरुवात होते ती फ्लॅट अयोग्य झाल्याच्या तारखेपासून. स्थानिक संस्था म्हणजे पणजीत महानगरपालिका, इतर शहरांत नगरपालिका, गावात पंचायत. माझं मत असं की दोन्हीकडे एकदम अर्ज टाका पण विसंबा आर्किटेक्टवर, तो दोन दिवसांत येऊन बघून लिहून देऊ शकतो, पंचायतीत बैठक वगैरे होईपर्यंत वेळ जाऊ शकतो. आर्किटेक्ट काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये नोंद असलेला असावा आणि नोंदणी क्रमांक दाखल्यावर असावा. ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरचं लेटरहेड चालणार नाही.

दाखल्यात नुसतं "फ्लॅट खराब झाला आहे" असं नको. मजकूर साधारण असा असावा: "फ्लॅट क्रमांक अमुक, इमारत अमुक, पत्ता. दिनांक अमुक रोजी लागलेल्या आगीमुळे स्वयंपाकघर व हॉलच्या स्लॅबचं काँक्रीट सोललं असून विद्युत व पाणीपुरवठा बंद केला आहे. मी दिनांक अमुक रोजी पाहणी केली. सदर फ्लॅट दिनांक अमुकपासून राहण्यास अयोग्य आहे. आवश्यक कामं पुढीलप्रमाणे, व त्यांना साधारण इतके महिने लागतील." शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, का ते उदाहरणातून बघू.

समजा फोंड्यात चौथ्या मजल्यावर एका कुटुंबाचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, मे अखेरीस स्वयंपाकघरात आग लागली, हॉलपर्यंत पसरली. अग्निशमन दल आलं, आग विझली, पण वायरिंग जळलं, स्लॅबच्या सळईवरचं काँक्रीट पडलं, दारंखिडक्या गेल्या. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये भाड्याची विमा रक्कम २,४०,००० रुपये आणि कालावधी १२ महिने. आता कंपनीचं सूत्र असं: विमा रक्कम गुणिले दुरुस्तीला लागणारा आवश्यक कालावधी, भागिले निवडलेला कालावधी. दुरुस्तीला ५ महिने लागतील असं ठरलं तर २,४०,००० × ५ ÷ १२, म्हणजे १,००,००० रुपये, महिन्याला २०,००० चा हिशेब. कुटुंबाने २२,००० भाड्याचं घर घेतलं तर ५ महिन्यांचे १,१०,००० खर्च झाले, वरचे १०,००० खिशातून. आणि कॉन्ट्रॅक्टरने रखडवल्यामुळे काम ८ महिने चाललं तर ३ महिन्यांचं भाडं कंपनी देणार नाही, कारण मोजलं जातं ते "आवश्यक" आणि वाजवी असलेल्या काळाचं, प्रत्यक्ष लागलेल्याचं नाही.

म्हणूनच कालावधीवर भांडण होतं. सर्वेअर म्हणेल, वायरिंग, प्लास्टर, रंग, खिडक्या, तीन महिने पुरे. पण गोव्यात जूनमध्ये सुरू केलेलं काम आणि नोव्हेंबरमध्ये सुरू केलेलं काम यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पावसात प्लास्टर वाळत नाही, टेरेसचं वॉटरप्रूफिंग होत नाही, ओल्या भिंतीवर पुट्टी टिकत नाही. हे आर्किटेक्टने कारणांसकट लिहून दिलं, महिन्यामहिन्याने काम मांडलं, तर सर्वेअरला खोडायला कठीण जातं. तसंच स्लॅब सोसायटीचा सामायिक असेल तर सोसायटीची परवानगी, त्यांचा स्ट्रक्चरल इंजिनिअर, खालच्या फ्लॅटवाल्याची तयारी यात वेळ जातो, तेही कागदावर हवं: सोसायटीला कधी पत्र दिलं, उत्तर कधी आलं. नाहीतर तो उशीर तुमच्या नावावर पडतो. या सगळ्याला कमाल मर्यादा तीन वर्षांची आहे, फ्लॅट अयोग्य झाल्याच्या दिवसापासून.

याच सूत्रातून दुसरी गोष्ट कळते. पॉलिसी घेतानाच कालावधी आणि रक्कम विचारून घ्या, शेड्यूलमध्ये ते लिहिलेलं दिसलं पाहिजे. कोणी स्वस्त पडतं म्हणून ३ महिने आणि ६०,००० ठेवले असतील तर पाच महिन्यांच्या दुरुस्तीतही ६०,००० च्या वर काही नाही, सूत्राने जास्त आकडा आला तरी विमा रक्कमच तेवढी. गोव्यातल्या घरांची दुरुस्ती पावसाळ्यात अडकते हे धरून निदान एक वर्षाचा कालावधी घ्यावा असं मला वाटतं.

काय मिळत नाही तेही सांगतो. मामाकडे, बहिणीकडे फुकट राहिलात तर भाडं दिलेलंच नाही, तर मिळणार काय. डिपॉझिट परत मिळणारं असतं, ते भाडं नाही, आणि ब्रोकरेज, टेम्पोचा खर्च याही गोष्टी भाड्यात येत नाहीत. पहिले काही दिवस लॉजमध्ये काढावे लागले तर बिलं ठेवा आणि सर्वेअरला ईमेलवर आधीच विचारा, नंतर नाही. घर तोडीस तोड घ्या, दोन बेडरूमच्या बदल्यात कळंगुटचा व्हिला दाखवलात तर हिशेब तिथेच कापला जातो. आणि डिसेंबरात मालक पर्यटकांना रोजंदारीने घर देतात म्हणून मासिक भाडं चढतं, तेव्हा आजूबाजूच्या दोन घरांचे भाव व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लेखी मागून ठेवा, आपण घेतलेलं भाडं वाजवी होतं हे दाखवायला उपयोगी पडतात.

आता प्रक्रिया. घटना घडली की लगेच कंपनीला कळवा, फोनवर बोललात तरी ईमेल करा, क्लेम नंबर घ्या. फ्लॅटमधलं काही हलवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, प्रत्येक खोलीचा, स्लॅबचा जवळून. आणखी नुकसान होऊ नये म्हणून ताडपत्री टाकणं, मेन बंद करणं हे करायलाच हवं, पण भिंत तोडून फेकू नका. ज्या घटनेत लागेल त्यात अग्निशमन दलाचा रिपोर्ट, पोलिसांत नोंद, तलाठ्याचा पंचनामा घ्या. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्वेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा, आणि रिपोर्ट मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा.

भाड्याच्या भागासाठी वेगळं पाकीट करा: आर्किटेक्टचा दाखला, नव्या घराचं लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट, मालकाच्या भाड्याच्या पावत्या आणि त्या जुळणारी बँक एंट्री, दुरुस्तीचं कोटेशन आणि कामाचं वेळापत्रक. भाडं रोख देऊ नका, यूपीआय किंवा ट्रान्सफरच करा. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर जुनं अ‍ॅग्रीमेंट, आधीच्या सहा महिन्यांचं भाडं जमा झालेलं स्टेटमेंट, पोलिस ठाण्यातल्या भाडेकरू पडताळणीची प्रत आणि भाडेकरूने घर सोडल्याचं पत्र जोडा. तोंडी ठरवून रोख भाडं घेणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण भाडं होतं हेच सिद्ध होत नाही. पर्यटकांना दिवसावारी देत असाल तर ते पॉलिसी घेतानाच कंपनीला स्पष्ट लिहून सांगा, घराचा वापर राहण्याचा म्हणून दाखवून पुढे वेगळा निघाला तर मूळ क्लेमच अडकू शकतो.

काम संपलं की आर्किटेक्टकडून "आता राहण्यास योग्य" असा दुसरा दाखला घ्या, कालावधी कधी संपला ते त्यावरून ठरतं. कंपनीने कालावधी कापला तर नुसतं फोनवर वाद घालू नका, कुठल्या आधारावर इतकेच महिने धरले ते लेखी मागा, सर्वेअरच्या रिपोर्टची प्रत मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे अर्ज जायला हवा.